वडिलांच्या आजारपणासाठी ‘वैद्यकीय रजा’ म्हणावे का?

प्रश्न : मी नाशिकला राज्य शासनाच्या कार्यालयात लिपिक आहे. वडिलांना पक्षाघात झाला, आता घरी आणलंय. अर्जात ‘वैद्यकीय रजा’ लिहिलं तर बरोबर ना? आणि पक्षाघात लिहू की लकवा?

‘वैद्यकीय रजा’ लिहू नका. कार्यालयात त्याचा अर्थ तुम्ही स्वतः आजारी आहात असा घेतात. मग आस्थापनेचा बाबू तुमच्याच नावाचा डॉक्टरी दाखला मागेल आणि रुजू होताना तंदुरुस्तीचाही. नियमांतलं तिचं नाव ‘परिवर्तित रजा’. ती घेतली की अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात, दहाला वीस. वडिलांसाठी ‘अर्जित रजा’ मागा. वर्षाला तीस दिवस जमा होते, पंधरा जानेवारीत आणि पंधरा जुलैत. अर्जित पुरली नाही तर अर्धवेतनी. ती खाजगी कारणासाठीही मिळते, पगार मात्र अर्धा.

आता आजाराचं नाव. आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, ‘अर्धांगवायू’तला वायू तोच. पण अर्जात ‘पक्षाघात’च बरा. ‘लकवा’ तोंड वाकडं झालं तरी म्हणतात, त्यातून अंग लुळं पडलंय हे साहेबांना कळेलच असं नाही. म्हणून कोणती बाजू गेली आहे तेही लिहा.

‘देखभाल’ चालतो, तरी मला तो इमारतीच्या कंत्राटातला वाटतो. ‘शुश्रूषा’ लिहा, आणि दुसरा उकार दीर्घ, ‘शुश्रुषा’ चूक. संस्कृतात मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा. सांगितलेलं ऐकणं, त्यातून सेवा.

समजा सोमवार २ जून ते शुक्रवार २७ जून रजा हवी आहे. मग असं लिहा :

‘विषय : अर्जित रजा मंजूर होण्याबाबत.
माझ्या वडिलांना पक्षाघात झाला असून शरीराची उजवी बाजू निकामी झाली आहे. रुग्णालयातून घरी सोडले असले तरी उठणे, जेवण व व्यायाम यांसाठी सतत सोबत लागते. घरी दुसरे कोणी नसल्याने शुश्रूषेसाठी दि. २ जून ते २७ जून (दोन्ही दिवस धरून २६ दिवस) अर्जित रजा मंजूर करावी. दि. ३१ मे व १ जून, तसेच २८ व २९ जून या सुट्ट्या रजेच्या मागे-पुढे जोडण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे.’

‘निकामी’ कानाला कठोर वाटला तर ‘बाधित’ लिहा. ‘घरी दुसरे कोणी नसल्याने’ खरं असेल तरच ठेवा, पण असेल तर गाळू नका. तुम्हीच का हवेत, ते त्यातूनच कळतं. दिवस मोजताना मधले शनिवार-रविवार रजेतच धरतात, म्हणून सव्वीस. बाहेरचे चार मात्र सुट्टीच राहतात, परवानगी मागितली असेल तर. वडील दुसऱ्या गावी असतील तर ‘मुख्यालय सोडण्याची परवानगी’ आणि रजाकाळातला पत्ताही लिहा.

रजा पुरणार नाही असं दिसलं तर संपण्याआधीच ‘रजा वाढवून मिळण्याबाबत’ म्हणून दुसरा अर्ज द्या. त्यात पुन्हा सगळी हकीकत नको. पहिल्या अर्जाची तारीख आणि डॉक्टरांचा ताजा कागद पुरे.