भिशीचे 20,000 रुपये आणि तीन धर्मांतील क्षमा

प्रश्न: हिंदू, ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांत पाप, पश्चात्ताप आणि क्षमा यांचा अर्थ एकच आहे का? देवाची मनापासून माफी मागितली की पाप फिटते का?

एक उदाहरण घेऊ. भिशी चालवणाऱ्या एका गृहस्थाने शेजारणीचे 20,000 रुपये दडपले आणि वर्षभराने त्याचे मन त्याला खाऊ लागले. तो देवापुढे रडला, पण पैसे त्याने परत केले नाहीत. माझ्या वाचनाप्रमाणे तिन्ही परंपरांत त्याचे काम अर्धेच झाले. कारणे मात्र वेगळी आहेत.

सर्वांत काटेकोर हिशेब इस्लामचा आहे. तेथे अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क वेगळे मानले जातात. पाप थांबवणे, खंत वाटणे आणि ते पुन्हा न करण्याचा निश्चय करणे या तौबेच्या, म्हणजे पश्चात्तापाच्या, तीन अटी आहेत. दुसऱ्याचा हक्क बुडवला असेल, तर तो परत करणे किंवा त्याच्याकडून माफ करून घेणे ही चौथी अट येते. शेजारीण वारली असेल तर पैसे वारसांना द्यायचे, आणि वारसही सापडले नाहीत तर तिच्या वतीने दान करायचे. एका हदीसमध्ये, म्हणजे प्रेषित मुहंमदांच्या वचनात, खरा कंगाल कोण ते सांगितले आहे: जो निवाड्याच्या दिवशी नमाज-रोजांचे पुण्य घेऊन येतो, पण ज्यांना त्याने लुबाडले त्यांना ते वाटता वाटता संपते आणि मग त्यांची पापे त्याच्यावर लादली जातात.

ख्रिस्ती विचारात पाप म्हणजे मुळात देवाशी तुटलेले नाते. ते माणसाला स्वबळावर जोडता येत नाही. ख्रिस्ताच्या बलिदानामुळे मिळणारी क्षमा ही कृपा असते, कमाई नव्हे. प्रोटेस्टंट थेट देवापुढे कबुली देतात. कॅथलिक मनुष्य धर्मगुरूकडे पापनिवेदन करतो, ज्याला गोव्यात कुमसार म्हणतात. धर्मगुरू त्याला पैसे परत करायला सांगतो, पण ऐकलेले कोणालाही, अगदी त्या शेजारणीलाही, सांगू शकत नाही.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात किरकोळ चोरीसाठी वस्तू परत करून सांतपन कृच्छ्र हे प्रायश्चित्त करायला सांगितले आहे: एक दिवस पंचगव्य व कुशोदक, म्हणजे दर्भाचे पाणी, आणि त्यानंतर उपवास. मन आपल्या दुष्कृत्याची जितकी निंदा करते तितके शरीर त्या अधर्मातून सुटते, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे पश्चात्ताप आहे, परतफेड आहे, परंतु ‘मी तुला क्षमा केली’ असे म्हणणारे त्या विधीत कोणी नाही. पुढे भक्तिमार्गाने ती जागा देवाला दिली. मनुस्मृतीच्या विधीत शेजारणीला पैसे मिळतात, पण तिने माफ केले की नाही हे कोणी विचारत नाही. इस्लाममध्ये मात्र तिने ठरवले तर ती सगळी रक्कमच सोडून देऊ शकते.