काचेत ठेवल्यावर बाळाची कावीळ उतरते कशी, आणि कोवळं ऊन का पुरत नाही

प्रश्न: जळगावला सिझर झालं, ३७ आठवडे पूर्ण होते. बाळ आज ७२ तासांचं आहे. जन्मवजन २.७ किलो, आज २.४८. बिलिरुबिन १८.४ आलंय, त्यात डायरेक्ट ०.६. माझा आणि बाळाचा दोघांचा रक्तगट बी पॉझिटिव्ह. शी अजून काळपट हिरवी आहे. डॉक्टर म्हणतात काचेत ठेवा, सासूबाई म्हणतात सकाळचं कोवळं ऊन दाखवलं की उतरते. नुसत्या लाईटने कावीळ जाते तरी कशी?

उत्तर:

ताई, डॉक्टरांचं ऐका आणि आजच ठेवा. पूर्ण दिवसांच्या, दुसरा काही धोका नसलेल्या बाळाला तिसरा दिवस संपताना लाईट लावायची रेष साधारण १८ च्या आसपास असते, आणि ३७ आठवड्यांच्या बाळासाठी ती आणखी थोडी खाली येते. ही रेष बाळाच्या वयाबरोबर तासातासाने वर सरकते, म्हणून नुसता आकडा सांगून भागत नाही. हाच १८.४ पहिल्या दिवशी आला असता तर धावपळ करावी लागली असती.

मोठ्या माणसाला कावीळ होते तेव्हा बहुतेक वेळा लिव्हर आजारी असतं. तुमच्या बाळाचं लिव्हर आजारी नाही, ते अजून कामाला लागायचं आहे. बाळाच्या तांबड्या पेशी ७० ते ९० दिवसच टिकतात, आपल्या १२०. त्या फुटल्या की बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य बनतं, त्यामुळे वजनाच्या मानाने बाळाच्या अंगात आपल्या दुप्पट बिलिरुबिन रोज तयार होतं. ते पाण्यात विरघळत नाही. लिव्हरमधलं एक एन्झाइम त्याला साखरेसारखा एक तुकडा जोडतं, मग ते विरघळतं आणि पित्तातून शीत उतरतं. जन्मतः या एन्झाइमची ताकद मोठ्या माणसाच्या सुमारे १ टक्का असते. म्हणून दुसऱ्या दिवसापासून पिवळेपणा चढतो, तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असतो आणि पुढे आठ-दहा दिवसांत ओसरतो.

आता तुमच्या रिपोर्टमधली खरी मेख. २.७ चं २.४८ म्हणजे वजन ८ टक्के उतरलं, आणि तिसऱ्या दिवशीही शी काळपट हिरवी. पहिल्या काळ्या शीत भरपूर बिलिरुबिन असतं. ती आतड्यात रेंगाळली की जोडलेला तुकडा तिथे सुटतो आणि बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. सिझरनंतर पान्हा थोडा उशिरा फुटतो, बाळाला दूध कमी जातं, शी कमी होते, कावीळ चढते. रक्तगट सारखे आहेत आणि डायरेक्ट, म्हणजे लिव्हरने तुकडा जोडलेलं बिलिरुबिन, ०.६ म्हणजे कमी आहे, तेव्हा मला ही नेहमीचीच कावीळ दूध कमी पडल्याने चढलेली दिसते. तरीही रक्तपेशी फुटत नाहीत ना, हे डॉक्टरांनी तपासून खात्री करायला हवी.

लाईटचं काम असं. बिलिरुबिनचा रेणू घडी घातल्यासारखा असतो. पाण्याला धरणारे भाग घडीच्या आत दडलेले असतात, म्हणून तो विरघळत नाही. त्याचा रंग पिवळा, म्हणजे तो निळा प्रकाश शोषतो. साधारण ४६० ते ४९० नॅनोमीटरचा निळा प्रकाश कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांत पोचला की रेणूतला एक जोड पिळला जातो, घडी उलगडते आणि तो रेणू एन्झाइमची वाट न बघता पित्तात उतरू शकतो. काही रेणू पित्तात गेल्यावर परत मूळ घडीत येतात. काहींचं मात्र कायमचं रूपांतर होतं, त्याला ल्युमिरुबिन म्हणतात. ते पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. जे काम लिव्हरने करायचं ते अर्धंमुर्धं कातडीच्या पातळीवर उरकतं. या लाईटमध्ये अतिनील किरण नसतात.

सासूबाईंचं म्हणणं बिनबुडाचं नाही. या उपचाराचा शोधच उन्हातून लागला. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या दवाखान्यात जीन वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत. एका बाळाचं अंग फिकं झालं, पण चादरीखाली झाकलेला त्रिकोणी भाग पिवळाच राहिला. तिथून १९५८ मध्ये दिव्यांचा पहिला अहवाल छापून आला. पण कोवळ्या उन्हात बाळाला दहा-पंधरा मिनिटं धरता येतं, तेही अंगावर दुपटं ठेवून. १८.४ उतरवायला उघड्या अंगावर कित्येक तास निळा प्रकाश लागतो. तेवढा वेळ आपल्या खानदेशातल्या उन्हात ठेवलं तर बाळ तापेल, कोरडं पडेल आणि कावीळ आणखी चढेल.

त्या त्रिकोणात आणखी एक गोष्ट दडली आहे. लाईटखाली कातडी आधी फिकी पडते, रक्तातला आकडा नंतर उतरतो. म्हणून लाईट सुरू झाल्यावर रंग बघून "उतरली" म्हणू नका, रक्ताचाच रिपोर्ट धरा.

पेटीचा उपयोग किती होईल हे प्रकाश किती अंगावर पडतो आणि किती तीव्र आहे यावर ठरतं. डोळ्यांवर पट्टी, खाली छोटा लंगोट, बाकी अंग उघडं. मोजे, टोपी, झबलं नको, तेल चोपडू नका. पट्टी नाकावर सरकली नाही ना, अधूनमधून बघा. सिस्टरना विचारा, "लाईटची तीव्रता मीटरने मोजली आहे का?" जोरात उपचारासाठी ३० मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटर प्रति नॅनोमीटर तरी लागते. जुन्या ट्यूब डोळ्याला निळ्याशार दिसतात पण आतून मंदावलेल्या असतात. दिवा दूर टांगला तरी तेच, अंतर कंपनीने सांगितलंय तेवढंच हवं.

दूध दर दोन ते तीन तासांनी पाजा, दिवसातून ८ ते १२ वेळा. पाजताना बाळ बाहेर घ्या, पट्टी काढा, वीस-तीस मिनिटांत परत ठेवा. अंगावर पुरेसं येत नसेल तर काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्या, तेही कमी पडलं तर वरचं दूध डॉक्टरांना विचारून. पाणी, ग्लुकोज, घुटी देऊ नका. पाण्याने पोट भरतं, शी होत नाही, आणि बिलिरुबिन शीवाटेच जायचं असतं. तुम्ही हळद खाल्ली म्हणून बाळ पिवळं होत नाही, नेहमीचं जेवण जेवा. लाईटखाली शी हिरवी आणि पातळ होते, ते उतरत असल्याचं लक्षण आहे.

जोरदार लाईटने २४ तासांत आकडा साधारण ३० टक्क्यांनी उतरायला हवा, म्हणजे १८.४ चा १३ च्या घरात. पहिला रिपोर्ट सहा ते बारा तासांत. उतरत नसेल किंवा चढत असेल तर लाईट कमजोर आहे, दूध कमी आहे किंवा पेशी फुटताहेत. शेवटच्या शंकेत तांबड्या पेशींना जपणारं जी६पीडी हे एन्झाइम कमी आहे का ते तपासतात. ते कमी असलेल्या बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या ठेवलेल्या असल्या तर तेवढ्यानेही पेशी फुटतात, म्हणून ट्रंकेतली जुनी झबली-दुपटी धुऊन, वाळवून, वास पूर्ण गेल्याशिवाय वापरू नका. आकडा सुरुवातीच्या रेषेच्या दोनेक खाली आला की लाईट बंद करतात, आणि एक दिवसाने पुन्हा रक्त तपासतात, कारण थोडा उलटा चढ येतो.

बाळ सुस्त झालं, दूध ओढेना, किंचाळून रडू लागलं किंवा पाठ कमानीसारखी वाकवू लागलं तर रिपोर्टची वाट न बघता सिस्टरना हाक मारा, घरी असाल तर थेट दवाखाना गाठा. आणि १४ दिवसांनंतरही डोळे पिवळे राहिले, किंवा शी पांढुरकी, चुन्यासारखी आणि लघवी गडद झाली, तर डायरेक्ट बिलिरुबिन पुन्हा करून घ्या. ती पित्तनलिका बंद असल्याची खूण असू शकते. तिथे लाईटचा उपयोग नाही, आणि ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांत झालं तर बरं.