लेटरबॉक्सवर आडनाव कुणाचं?

«नवऱ्याला म्युनिकला नोकरी मिळाली आहे. मी पुण्यातली आठ वर्षांची नोकरी सोडून मुलीला (वय ५) घेऊन जातेय. तिथे ओळखीचं कुणीही नाही. पण आम्ही दोघं एकमेकांचे बेस्ट फ्रेंड आहोत, त्यामुळे निभावेल असं वाटतं. व्हिसाचं सगळं कळलंय. बाकी काय तयारी करू?»

वयाने लहान दिसतेस म्हणून अगं-तुगं करतेय, रागावू नकोस. थंडीचे कपडे, प्रेशर कुकर, भाड्याचं डिपॉझिट यावर इतर लोक लिहितीलच. मी तुझ्या त्या ‘बेस्ट फ्रेंड’ वाक्यावर अडकले. २०१२ च्या ऑक्टोबरात विमानतळावर रडणाऱ्या आईला मी जवळजवळ हेच सांगितलं होतं.

माझा नवरा ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आला होता. ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला व्हिसासाठी जर्मनची ए-वन, म्हणजे अगदी पहिल्या पायरीची परीक्षा द्यावी लागत नाही. तेव्हा वाटलं, काय नशीब! आज मला ती सवलत हा सापळा वाटतो, कारण मी इथे मुकी उतरले. ऑफिसात नवऱ्याचं इंग्रजीवर भागायचं. घरमालक, बालवाडी, डॉक्टरची रिसेप्शनिस्ट यांच्याशी बोलायला मात्र त्याची मोडकीतोडकी जर्मन, आणि मला तीही नाही. पहिल्या महिन्यात फोन त्यानेच केले, पत्रंही त्यानेच वाचली, आणि मग तीच रीत पडली. पुण्यात एका सहकारी बँकेचे हिशेब मी सहा वर्षं सांभाळले होते. इथे लाँड्रीरूमच्या पाळीचा कागद वाचून घ्यायला मी संध्याकाळपर्यंत थांबायचे.

लेटरबॉक्सची गोष्ट सांगते. मी लग्नानंतर आडनाव बदललेलं नाही. घर मिळालं तेव्हा बेलवर आणि लेटरबॉक्सवर नवऱ्याचं आडनाव लागलं. इथे पोस्टमन घर क्रमांक बघतो आणि मग डब्यावरचं आडनाव. ते नसेल तर पत्र परत. नाव नोंदवल्यावर कर-क्रमांक पोस्टाने येतो. त्याचा आला, माझा आलाच नाही. परदेशी नागरिकांच्या कार्यालयातून माझ्या नावाने आलेलं भेटीच्या वेळेचं पत्रही परत गेलं, आणि नवी वेळ मिळवण्यात दोन महिने गेले. त्या खिडकीवरच्या बाईंनी मला ज्या सुरात ‘पण आम्ही पाठवलं होतं’ म्हणून सांगितलं तो सूर अजून कानात आहे. त्या कागदी पट्टीवर एक आडनाव वाढवायचं आम्हाला दोघांनाही सुचलं नव्हतं. तर पहिल्या दिवशी, सामान उघडायच्या आधी, तुझं आडनाव तिथे लाव.

एकटेपणावर फार लिहीत नाही. नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, पुढचं तुला कळेल.

लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीवर. मला तेव्हा एकटं वाटतच नव्हतं, कारण नवरा होता. सहा वाजता दारात किल्लीचा आवाज आला की मी दिवसभराचं सगळं त्याच्यासमोर ओतायचे. बालवाडीतल्या बाईंची नजर, सासूबाईंचा फोन, आज सुचलेला विनोद, आज आलेलं रडू. आई होती फोनवर, पण इथले संध्याकाळचे सात म्हणजे हिवाळ्यात तिथले रात्रीचे साडेअकरा. एकदा तो बूट काढता काढता म्हणाला, ‘मी घरी आलो की दुसरी शिफ्ट सुरू होते.’ मी आठवडाभर बोलले नाही. म्हणजे खरं तर आठवडाभर मी कुणाशीच बोलले नाही. त्याच्याशी अबोला धरला की माझ्याशी बोलणारं जगात कुणी उरत नव्हतं, आणि हे मला चौथ्या दिवशी लक्षात आलं.

त्या आठवड्यात मी वहीत एक यादी केली. हिशेबनीस बाई, दुसरं काय करणार. डावीकडे गरजा: रडू आलं तर, चांगली बातमी आधी कुणाला, सरकारी पत्र आलं तर, मुलीला दोन तास ठेवायचं झालं तर, नवऱ्याविषयी तक्रार करायची तर, पोट दुखेपर्यंत हसायचं तर. उजवीकडे नाव. सगळीकडे त्याचंच नाव आलं. ‘नवऱ्याविषयी तक्रार’ समोरसुद्धा! तूही ही यादी कर, पण पुण्यात असतानाच. तिथे तुझ्या यादीत सात-आठ नावं असतील, ऑफिसातली डबा खाणारी मैत्रीण धरून. विमानात बसताना त्यातली किती खोडली जाणार ते बघ. त्या सगळ्या जागा नवऱ्याने भरायच्या, असं तू न बोलता ठरवते आहेस. त्याला कुणी विचारलेलं नाही, आणि त्याचे मित्रही सुटलेलेच आहेत. माझा नवरा कुढत होता ते मला फार उशिरा दिसलं, कारण ओतायचं काम माझंच चाललं होतं.

याचं सगळ्यात महाग बिल मुलीच्या शाळेत आलं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, चौथीच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला मुलांच्या हातात एक गुणपत्रक पडतं. जर्मन, गणित आणि परिसर-अभ्यास या तीन विषयांची सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझियम, म्हणजे विद्यापीठाकडे सरळ जाणारी शाळा. २.६६ पर्यंत रेआलशूल, म्हणजे दहावीपर्यंतची मधली शाळा. (इथे १ म्हणजे उत्तम, हेही लक्षात ठेव.) २०१८ मध्ये माझ्या लेकीला २.६६ पडले. गेली रेआलशूलला. जूनमध्ये शाळेच्या दारात एक आई सहज बोलून गेली की तिच्या मुलालाही तेवढेच होते, पण त्याने तीन दिवसांची प्रवेश-चाचणी दिली आणि तो गिम्नाझियमला निघाला. अशी चाचणी असते हेच मला माहीत नव्हतं. पालकसभेत सांगितलं होतं म्हणे. सभेला नवरा गेला होता, मध्येच ऑफिसचा फोन आला म्हणून तो बाहेर उभा होता, आणि माहितीपत्रक त्याच्या लॅपटॉपच्या बॅगेत राहिलं. मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण दहा वर्षांच्या मुलीच्या आईला वर्गातल्या एकाही आईचा नंबर ठाऊक नसावा, हा दोष त्याच्या बॅगेचा कसा? लेकीचं चांगलं चाललंय. रेआलशूलनंतरही पुढे वाट असते. तरी मे महिना आला की मला ते खुपतं.

आता मी काय केलं ते. २०१५ मध्ये मी इंटिग्रेशन कोर्सला बसले होते. तेव्हा भाषेचे ६०० तास आणि वर ६० तास इथल्या कायद्याचे नि इतिहासाचे. जर्मन शिकले, पण मैत्री वर्गात झाली नाही. ती झाली वर्ग सुटल्यावर कोपऱ्यावरच्या बेकरीत, एका कॉफीवर रोज चाळीस मिनिटं, मी आणि एक तुर्की बाई. दोघींची जर्मन सारखीच वाईट, त्यामुळे लाज नव्हती. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांचा २०१८ चा एक अभ्यास आहे: ओळखीचं साध्या मैत्रीत रूपांतर व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, जवळच्या मैत्रीला २०० च्या वर. आणि नुसते कामाच्या जागी शेजारी बसल्याचे तास फारसे उपयोगी पडत नाहीत. तो वाचल्यावर मला बेकरीचा उलगडा झाला.

दुसरं, मंगळवार. आमच्या भागातल्या क्रीडा-संघात बायकांचा व्यायामवर्ग असतो, शाळेच्या जिममध्ये, दीड तास. शाळेच्या सुट्ट्या सोडल्या तर वर्षाला अडतीस-एक मंगळवार. म्हणजे साध्या मैत्रीच्या ५० तासांना जवळपास पूर्ण वर्ष. हा हिशेब आधी माहीत असता तर तिसऱ्या महिन्यात, कुणीच बोलत नाही म्हणून, मी घरी येऊन रडले नसते. जर्मन बायका तुसड्या नाहीत, फक्त त्यांचं घड्याळ हळू चालतं. तेराव्या की चौदाव्या मंगळवारी एकीने विचारलं, ‘मागच्या वेळी दिसली नाहीस?’ नवऱ्याशी करार होता: मंगळवारी साडेसहाला तो घरी. पहिल्या महिन्यात दोनदा उशिरा आला. दुसऱ्यांदा मी मुलीला घेऊनच गेले आणि तिला बाकावर बसवलं. मग उशीर झाला नाही.

मराठी मंडळात जरूर जा. गणपतीत मोदक वळताना जीव हलका होतो. पण तिथे आम्ही जोडीने जायचो, बहुतेक ओळखी त्याच्या ऑफिसच्या, आणि मी ‘अमक्याची मिसेस’. तिथे सांगितलेलं रविवारपर्यंत सगळ्यांच्या स्वयंपाकघरात पोचतं. म्हणून मनातलं सांगायला निदान एक जागा अशी हवी, जिथे तुझ्या नवऱ्याला कुणी ओळखत नाही.

पैशाचंही सांगते, कारण ते याच्याशीच जोडलेलं आहे. लग्न झालेल्यांना इथे कर-वर्ग निवडता येतात. जास्त कमावणारा तीन आणि दुसरा पाच, किंवा दोघं चार. मी २०१६ मध्ये अर्धवेळ नोकरी धरली ती वर्ग पाचमध्ये. हातात आलेला पगार बघून सगळे म्हणाले, ‘एवढ्यासाठी कशाला?’ मीही महिनाभर तेच म्हणत होते, बँकेचे हिशेब सांभाळलेली मी! वर्षाअखेर विवरणपत्र भरलं की दोघांचा मिळून कर तेवढाच बसतो. फक्त महिन्याला तुझा वाटा बारीक दिसतो आणि त्याचा गुबगुबीत. आणि उद्या नोकरी गेली किंवा दुसरं बाळ झालं, तर मिळणारा भत्ता तुझ्या त्या बारीक आकड्यावर ठरतो. चार-चार करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. आणि स्वतःचं खातं उघड.

हे सगळं बऱ्या नवऱ्यासाठी. तो पासपोर्ट लपवत असेल, फोन बघत असेल, तर मंगळवारचा व्यायाम पुरणार नाही. तेव्हा ११६ ०१६ हा छळ होणाऱ्या बायकांसाठीचा मदतीचा नंबर, चोवीस तास, फुकट. तीन वर्षं इथे एकत्र संसार झाल्यावर बायकोला स्वतंत्र राहण्याचा हक्क मिळतो, आणि छळ असेल तर त्याआधीही मागता येतो.

२०१९ मध्ये बाबा गेले. पहाटे भावाचा फोन आला तेव्हा नवरा सिंगापूरच्या विमानात होता, फोन बंद. मी त्याला सात वेळा लावला. आठव्यांदा बेकरीवाल्या मैत्रिणीला लावला. ती रात्रीच्या कपड्यांवर कोट चढवून आली, मुलीचा डबा भरला, मला तिकीट काढून दिलं. बाबांविषयी तिला काही माहीत नव्हतं, ती विचारत राहिली आणि मी त्या मोडक्या जर्मनमध्ये सांगत राहिले.

नवरा दुपारी उतरला आणि त्याने फोन केला, तेव्हा मला त्याचा राग आला. का आला, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तू पोचलीस की कळव. मंगळवार सोडून कधीही ये.