निळ्या-पिवळ्या ड्युओटोनमध्ये गाल मातकट का होतात

प्रश्न: खिडकीजवळ बसलेल्या मैत्रिणीचा फोटो पॉप-आर्टसारखा दोन रंगांत करायचा आहे. गडद निळा `#1414C8` आणि पिवळा `#FFE600` घेऊन ग्रेडियंट मॅप लावला. केस छान निळे आले, कपाळ पिवळं आलं, पण गाल आणि हनुवटी मातकट, आजारी दिसतात. ब्लेंड मोड बदलून पाहिले, जमलं नाही. ऑफिसात फोटोशॉप आहे, घरी गिंप. चुकतंय कुठे?

उत्तर:

तुमचे दोन्ही रंग चांगले आहेत. घोटाळा होतोय तो त्या दोघांच्या मधे.

ग्रेडियंट मॅप फोटोतला रंग बघतच नाही, फक्त उजेड बघतो. प्रत्येक पिक्सेल ० ते २५५ मध्ये किती उजळ आहे ते पाहून पट्टीवरच्या त्या जागेचा रंग तिथे भरतो. काळ्याच्या जागी निळा, पांढऱ्याच्या जागी पिवळा आणि बरोबर मधल्या करड्याच्या जागी दोघांची सरासरी. ही सरासरी काढून बघा. तुमचा निळा म्हणजे लाल २०, हिरवा २०, निळा २००. पिवळा म्हणजे २५५, २३०, ०. मधला रंग येतो साधारण १३८, १२५, १००. तिन्ही आकडे एकमेकांच्या इतके जवळ आले की रंग उरतच नाही, राहतो तो चिखल. निळा आणि पिवळा परस्परविरोधी रंग आहेत, म्हणून ते मधे एकमेकांना खाऊन टाकतात. शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा घेतलात तर मधे चक्क करडा रंग येईल.

आणि पोर्ट्रेटमध्ये नेमका गालच त्या मधल्या पट्ट्यात बसतो. केस आणि कपाळ दोन टोकांना आहेत, म्हणून ते वाचले. आयड्रॉपर गालावर ठेवून तीन आकडे वाचा. सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान आकड्यात चाळीसच्या आसपासच फरक असेल, तर मी म्हणतोय तेच झालंय. (फोटोशॉपच्या नव्या आवृत्त्यांत ग्रेडियंटला `Method` असा पर्याय असतो. वरचं गणित `Classic` चं आहे. `Perceptual` ने मधला रंग थोडा बदलतो, पण या जोडीचा प्रश्न मुळापासून सुटत नाही.)

यातून बाहेर पडायच्या दोन वाटा आहेत. निळा-पिवळाच हवा असेल तर मधला पट्टा अरुंद करायचा. दुसरी वाट म्हणजे रंगांची जोडीच बदलायची. मी पहिली वाट आधी सांगतो, कारण पॉप-आर्टचा सपाट, छापील भाव तिच्यातूनच येतो.

सुरुवात ग्रेडियंटपासून करू नका, करड्या फोटोपासून करा. फोटोवर `Black & White` ॲडजस्टमेंट लेअर टाका. त्वचा कुठल्याही वर्णाची असली तरी लाल-पिवळ्या भागात येते, त्यामुळे `Reds` आणि `Yellows` हे दोन स्लायडरच चेहरा घडवतात. `Reds` खूप वाढवला तर डाग पुसले जातात, पण ओठही चेहऱ्यात विरघळतात. खूप कमी केला तर ओठ ठसठशीत येतात आणि प्रत्येक पुटकुळी वर येते. ओठांची कड दिसेल आणि त्वचा शांत राहील असा मुक्काम मधे कुठेतरी सापडतो, तो डोळ्यांनीच शोधावा लागतो. गिंपमध्ये हेच काम `Colors > Desaturate > Mono Mixer` करतं. तिथे मी लाल ०.५, हिरवा ०.५, निळा ० पासून सुरुवात करतो. निळं चॅनल त्वचेसाठी सहसा घेऊ नये, सगळ्यात जास्त खरखर त्यातच असते.

आता ही खरखर काढा. पुढे आपण उजेडाचा पट्टा आवळणार आहोत, तेव्हा आज न दिसणारा प्रत्येक दाणा सीमारेषेवर दातरे पाडेल. फोटो स्मार्ट ऑब्जेक्ट करून `Filter > Blur > Surface Blur` लावा, गिंपमध्ये `Filters > Blur > Median Blur`. फोटो तीन हजार पिक्सेल उंच असेल तर त्रिज्या ४ ते ८ पुरते. पापण्या आणि भुवयांच्या कडा टिकल्या पाहिजेत. त्या विरघळायला लागल्या की थांबा. गिंपमध्ये हे मूळ लेअरच्या प्रतीवर करा, मूळ लेअर तसाच राहू द्या.

मग त्यावर `Levels`. तुमच्या फोटोत खिडकी एका बाजूला आहे असं धरतो. अशा फोटोत उजेडाकडचा गाल १७० च्या आसपास, अंधाराकडचा ९०, नाकाखालची सावली ७० आणि केस ३० च्या आसपास मिळतात. उजेडातून सावलीत चेहरा वळतो ती जागा १२८ च्या जवळ असते. लेव्हल्समध्ये इनपुटची काळी टोकणी १०७ वर आणि पांढरी १४८ वर आणा. आता १०७ च्या खालचं सगळं पूर्ण काळं, १४८ च्या वरचं सगळं पूर्ण पांढरं, आणि मधला पट्टा म्हणजे मूळ उजेडाचा फक्त सहावा भाग. वर ग्रेडियंट मॅप लावलात की एक गाल पिवळा, दुसरा निळा, आणि मातकट रंग फक्त दोघांमधल्या एका पातळ रेषेपुरता उरतो. तो तिथे असावाच. तोही काढून टाकला तर कडा कात्रीने कापल्यासारखी होते आणि चेहरा मुखवटा वाटतो. (तसंच हवं असेल तर गिंपमध्ये `FG to BG (Hardedge)` हा ग्रेडियंट तयारच मिळतो.)

१०७ आणि १४८ हे आकडे पाठ करू नका, ते या एका फोटोचे आहेत. चेहरा वळतो त्या जागेचा आकडा आयड्रॉपरने घ्यायचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वीस-वीस जागा ठेवायची. सावळ्या किंवा काळ्या वर्णाच्या माणसाचा फोटो घेऊन तुम्ही १०७ लावलंत, तर सगळा चेहरा निळ्यात बुडेल. बरेच जण तिथे आधी फोटोच उजळ करायला धावतात आणि त्वचेचा घाट घालवून बसतात. त्याची काहीच गरज नसते. त्या चेहऱ्याचं वळण ८० वर असेल तर टोकण्या ६० आणि १०० वर आणा, तोच परिणाम मिळेल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण शिकवताना वापरले जाणारे बहुतेक आकडे गोऱ्या चेहऱ्यांवरून आलेले असतात.

समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत मात्र हे चालत नाही. तिथे सगळा चेहरा १४० ते १७५ मध्ये सपाट पसरलेला असतो, वळण असं नसतंच. तो फोटो बाजूला ठेवून दुसरा घ्यावा.

लेअरचा क्रम खालून वर असा हवा: फोटो, ब्लॅक अँड व्हाइट, लेव्हल्स, ग्रेडियंट मॅप. लेव्हल्स चुकून ग्रेडियंट मॅपच्या वर गेली तर ती उजेड सोडून तुमचे निवडलेले रंगच ताणायला लागते. ग्रेडियंट मॅपचा ब्लेंड मोड `Normal` च ठेवा. तुम्ही मोड बदलून पाहिलेत, त्यात `Color` असेल तर उजेड खालच्या लेअरचा आणि छटा फक्त वरची, त्यामुळे `#FFE600` कधीच `#FFE600` म्हणून दिसत नाही. चित्र निगेटिव्हसारखं उलटं आलं तर `Reverse` वर टिचकी मारा. गिंपमध्ये फोरग्राउंडला गडद रंग, बॅकग्राउंडला फिका रंग ठेवून `FG to BG (RGB)` निवडा आणि मग `Colors > Map > Gradient Map`.

आता दुसरी वाट. गडद जांभळट निळा `#1F0F6B` आणि गुलाबी `#FF7FA6` घेऊन बघा. मधला रंग येतो साधारण १४३, ७१, १३७, म्हणजे भरगच्च जांभळा. गाल कुठेही पडला तरी जिवंत दिसतो, म्हणून या जोडीला पट्टा इतका आवळावा लागत नाही.

या जोडीचा आणखी एक फायदा आहे. ती ग्रेडियंट मॅप न वापरता नुसत्या ब्लेंड मोडनेही बनते, आणि गिंपमध्ये मला हीच पद्धत आवडते, कारण रंग कधीही पुन्हा भरता येतो. करड्या फोटोवर गुलाबी रंगाचा सपाट लेअर, मोड `Multiply`. पांढरं गुलाबी होतं, काळं काळंच राहतं. त्यावर जांभळट निळ्याचा सपाट लेअर, मोड `Lighten only` (फोटोशॉपमध्ये `Lighten`). हा मोड प्रत्येक चॅनलमध्ये खालचा आणि वरचा आकडा पाहतो आणि मोठा तो ठेवतो. काळ्याच्या जागी निळा जिंकतो. गुलाबीच्या जागी गुलाबीचे तिन्ही आकडे निळ्यापेक्षा मोठे आहेत, म्हणून गुलाबी जसाच्या तसा राहतो.

हीच युक्ती तुमच्या निळ्या-पिवळ्यावर केलीत तर फसते, आणि का ते आता दिसेल. पिवळ्याचं निळं चॅनल ० आहे, तुमच्या निळ्याचं २००. मोठा आकडा २००, म्हणून पिवळ्याच्या जागी येतो २५५, २३०, २००, म्हणजे साईसारखा फिका रंग. लेअरचा क्रम उलटा केला तर पिवळा शाबूत राहतो, पण मल्टिप्लायमुळे निळा जवळपास काळा होतो. एक टोक सांभाळलं की दुसरं हातातून जातं. फिक्या रंगाचे तिन्ही आकडे गडद रंगाच्या आकड्यांपेक्षा मोठे असतील तरच ब्लेंड मोडची वाट धरा, नाहीतर ग्रेडियंट मॅपच लागतो.

पार्श्वभूमी शेवटी करा. सगळे लेअर एका ग्रुपमध्ये घालून ग्रुपला मास्क लावा आणि खाली तिसऱ्या रंगाचा सपाट लेअर ठेवा. केसांभोवती पिवळी किनार दिसली तर ती मूळ फोटोतल्या उजळ पार्श्वभूमीची आहे. मास्कची कड एक-दोन पिक्सेल आत घ्या.

अँडी वॉरहॉलच्या १९६२ नंतरच्या सिल्कस्क्रीन पोर्ट्रेटमध्ये रंगाचे सपाट भाग आणि त्यावरचा काळा छाप बरोबर जुळत नाहीत, थोडे सरकलेले असतात. तो भाव हवा असेल तर ओठांसाठी एक वेगळा सपाट रंगाचा आकार काढा, सगळ्यात वर ठेवा, मोड `Multiply`, आणि मूव्ह टूलने उजवीकडे आठ-दहा पिक्सेल सरकवा. मल्टिप्लायमुळे हा रंग फक्त पिवळ्या भागावर उठून दिसेल, निळ्यावर जवळपास बुडेल. म्हणून तो ओठांच्या उजेडाकडच्या अर्ध्या भागावरच ठेवा.