उत्तर एक, अर्थ दोन

प्रश्न: मराठी आणि इंग्रजी दोन्हींत सुटेल असं 15×15 चं शब्दकोडं बनवायचं आहे. सूत्रं आणि उत्तरं दोन्ही भाषांत चालली पाहिजेत. कसं करू? एखादं सॉफ्टवेअर आहे का?

15×15 चा नाद सोडा. 7×7 जमलं तरी पुष्कळ झालं, आणि त्याला सॉफ्टवेअर नको, चौकटीची वही आणि खोडरबर पुरे.

पहिलं म्हणजे भाषांतराच्या वाटेने जाऊ नका. मी गेले होते, दोन महिने फुकट घालवले. आपल्या घरात काना-मात्रेसकट अख्खं अक्षर बसतं, इंग्रजीच्या घरात एकच लेटर. कुत्रा दोन घरांचा, डॉग तीन घरांचा. मांजर आणि कॅट नशिबाने तीन-तीन घरांचे निघाले म्हणून मी नाचले होते. पण मधल्या घरात मराठीत ज आणि इंग्रजीत ए. आता त्या घरातून खाली जाणारा शब्द मराठीत ज घेऊन, इंग्रजीत ए घेऊन चालला पाहिजे आणि दोघांचा अर्थ पुन्हा एकच हवा. एक सापडेल, दुसऱ्याला दम निघतो.

चालतं ते उलटं: अर्थ दोन ठेवायचे आणि आवाज एक. घरांत फक्त देवनागरी. 'लेक' लिहा. मराठी सूत्र 'सासरी गेली तरी माहेरची', इंग्रजी सूत्र तळ्याचं. तसंच बोट, कोट, केस, बेल, वेल, पूल, पीक, मोर, काऊ. आजी मराठी सूत्रावरून भरते, नात इंग्रजीवरून, आणि दोघींचं अक्षर एकाच घरात येऊन पडतं.

हे मी शोधून काढलं ते घरच्या गणपतीसाठी. जाऊबाईंची नातवंडं अमेरिकेहून येणार होती. मराठी कळतं, देवनागरी अडखळत वाचतात, बोलायची वेळ आली की आईच्या मागे. मी पंचवीस शब्दांचं कोडं हाताने आखलं, प्रती काढल्या, आरतीनंतर वाटल्या. आमचे थोरले भाऊजी, म्हणजे ह्यांचे मोठे भाऊ, रोज सकाळी इंग्रजी पेपरातलं क्रिप्टिक, म्हणजे सूत्रांतच शब्दखेळ लपवलेलं शब्दकोडं, सोडवल्याशिवाय चहा घेत नाहीत. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अगं, रूलला ळ कुठून आणलास?"

मी 'रूळ' घातला होता. मराठीत आगगाडीचा, इंग्रजीत नियम. चूक माझीच, कबूल. पुढे त्यांनी 'लावा'ही पकडला, कारण ज्वालामुखीचा तो आपण 'लाव्हा' लिहितो. इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी आर्थर विनने 1913 साली न्यूयॉर्क वर्ल्डमध्ये पहिलं कोडं छापलं तिथपासून सुरुवात केली आणि निकाल दिला की आवाजावर चालतं ते कोडं नव्हे, तो पोरखेळ. त्यावर मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आता देते. भाऊजी ज्या क्रिप्टिकचा चहाआधी उपास धरतात, त्यातही 'असं ऐकू येतं' म्हणून समोच्चारी शब्दांवर बेतलेली सूत्रं असतातच. तिथे ती कला, आणि माझ्या कागदावर पोरखेळ!

असो. बांधणीतली खरी मेख सांगते. इंग्रजीचे एका दमात म्हणायचे शब्द देवनागरीत आले की बहुतेक दोन अक्षरांचे होतात आणि शेवटचं अक्षर मोकळं राहतं, म्हणजे काना-मात्रा नसलेलं: म, न, स, र, ट, ल. पुढचा शब्द तिथूनच काढावा लागतो, म्हणून मोकळ्या अक्षराने सुरू होणारे शब्द सोन्यासारखे जपा. म-साठी मरून, मनी. न-साठी नट. स-साठी सर. क, ह, व यांसाठी करी, हरी, वरी (एक उपासाची, एक काळजीची). ल आणि ट-ला असे पुढचे शब्द मला जवळजवळ मिळालेच नाहीत. म्हणून बेल, वेल, बोट, कोट हे उजव्या किंवा खालच्या कडेला टेकवायचे, किंवा आडवी वेल आणि उभा बेल एकाच ल-वर संपवायचे.

हा कोपरा बघा, माझ्या वहीतलाच:

■ का म
■ ■ रू
गा ऊ न
य ■ ■

वर आडवं 'काम': 'केलं तर दाम' आणि शांत. म-वरून उभं 'मरून': 'जीव जाऊन' आणि गडद तांबडा रंग. तळाशी आडवं 'गाऊन': 'आळवून झाल्यावर' आणि पायघोळ झगा. गा-वरून उभं 'गाय': 'वासराची आई' आणि कुणी एक बाप्या. मरूनचं मराठी सूत्र 'मृत्यू' असं देऊ नका. उत्तर ऊन-प्रत्ययाचं असेल तर सूत्रानेही तेच रूप सुचवलं पाहिजे. इंग्रजीकडून नाम आणि मराठीकडून क्रियापद आलं तर बिघडत नाही, उलट मजा येते.

ऱ्हस्व-दीर्घात मात्र सवलत देऊ नका. आपल्या 1962 च्या शुद्धलेखन नियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ, म्हणून हरी आणि मनी आपसूक इंग्रजीशी जुळतात. मोकळ्या अक्षराच्या आधीचा उकारही मराठी शब्दांत दीर्घ असतो, म्हणून पूल म्हणजे पोहण्याचा तलाव चालतो. ओढण्याचा पुल चालत नाही. ळ आणि ण असलेला शब्द आला की सरळ काट मारा, इंग्रजीत ते आवाज नाहीत. व्ह आणि व यांत गल्लत झाली की माझ्यासारखं हसं होतं.

आणखी एक चाळणी. दोन सूत्रं एकमेकांना फोडत असतील तर शब्द बाद. पेन, कप तर उघडच उसने आहेत. 'नीट' आपलाच, पण इंग्रजीतल्या नीटशी अर्थ इतका लागून आहे की सोडवणाऱ्याला दोन सूत्रं कशाला दिली तेच कळत नाही.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. हे सगळं मराठी जिभेच्या इंग्रजीवर उभं आहे. 'फार' घालाल आणि सोडवणारं मूल लंडनकडचं असेल, तर ते शेवटचा र म्हणतच नाही आणि एक घर उरलं म्हणून रडतं. अमेरिकेतली मुलं र म्हणतात, त्यामुळे आमचं निभावलं. तुमची मुलं कुठली ते बघून यादी करा. आणि तीन अक्षरांचे शब्द आधी गोळा करा. मरून, गाऊन, बसून (तेच ते वाद्य) असे मोजकेच मिळतात. कोडं त्यांच्याभोवती बांधायचं, नुसत्या दोन अक्षरी शब्दांचं केलंत तर चाळीतल्या खोल्यांसारखं दिसतं.

यंदा भाऊजींनी सगळं भरलं, एक घर सोडून. तिथे 'बाऊ' होता. मराठी सूत्र 'नसत्या गोष्टीचा हा करू नये', इंग्रजी सूत्र 'वाका'.