दहावीच्या पाठाचे शीर्षक आणि वर्णन कसे लिहावे?

प्रश्न: इंदूरला भंवरकुआँजवळ आमचा दहावीच्या गणिताचा क्लास आहे. द्विघात समीकरणांवरचा पाठ यूट्यूबवर टाकायचा आहे. मुले आणि पालक दोघांनाही उपयोगी पडेल असे शीर्षक व वर्णन कसे लिहू?

उत्तर: शीर्षक मुलांसाठी लिहावे आणि वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन ओळी पालकांसाठी ठेवाव्यात. घरी मराठी बोलणाऱ्या आपल्याकडच्या मुलांचीही पाठ्यपुस्तके बहुधा हिंदी किंवा इंग्रजी असतात, त्यामुळे हिंदी माध्यमासाठी मी असे शीर्षक देईन: ‘द्विघात समीकरण: मूलों की प्रकृति, प्रश्नावली 4.3, कक्षा 10’. यूट्यूब शीर्षकाला 100 अक्षरांची मुभा देते, पण फोनवर ते बरेच आधी तुटते. म्हणून क्लासचे नाव सुरुवातीला नको.

प्रश्नावलीचा क्रमांक मात्र जपून लिहावा. एनसीईआरटीने पूर्ण वर्गाची रीत वगळल्यावर पूर्वीची 4.4 ही प्रश्नावली 4.3 झाली. मोठ्या भावंडाचे पुस्तक वापरणारा मुलगा 4.4 शोधत येतो, तेव्हा ‘जुन्या पुस्तकात 4.4’ एवढे वर्णनात असू द्यावे.

पालकांना तीन गोष्टी कळाव्यात: पाठ किती मिनिटांचा आहे, आधी काय यायला हवे (येथे अवयव पाडून समीकरण सोडवणे) आणि पाठ समजला की नाही हे घरी कसे पाहावे. यांतली शेवटची गोष्ट क्लासवाले बहुतेक लिहीतच नाहीत, आणि मला तीच सर्वांत मोलाची वाटते. उदाहरणार्थ असे लिहा: ‘2x² + kx + 3 = 0 या समीकरणाची मुळे समान असतील तर k किती, हे मुलाला वही न पाहता काढायला सांगा.’ येथे b² − 4ac शून्य असले पाहिजे, म्हणजे k² − 24 = 0, आणि k = ±2√6. मुले घाईत फक्त धन उत्तर लिहितात. ‘दोन्ही चिन्हे आहेत का ते पाहा’ एवढे सांगितले, की गणित विसरलेल्या आईवडिलांनाही तपासणी करता येते.

त्याखाली वेळेच्या खुणा द्याव्यात. पहिली खूण 0:00 असावी, एकूण किमान तीन असाव्यात आणि प्रत्येक भाग निदान 10 सेकंदांचा असावा, नाहीतर भाग पाडले जात नाहीत. या विषयात आणखी एक अडचण येते: यूट्यूब शीर्षकात वा वर्णनात लहान-मोठेपणाची टोकदार चिन्हे स्वीकारत नाही, म्हणून ‘b² − 4ac शून्यापेक्षा मोठे’ असे शब्दांतच लिहावे.

‘हाच प्रश्न येणार’ किंवा ‘पूर्ण गुणांची हमी’ हे शब्द कोठेही नकोत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोचिंग क्लासच्या जाहिरातीत गुणांची किंवा निवडीची हमी देता येत नाही.