अमळनेरचे कोट्यधीश आणि साडेनऊ हजारांचा शेअर

प्रश्न : कंपनी खरंच चांगली असेल आणि दहा वर्षं विकायचंच नसेल, तर ८०-९० पी/ई ला शेअर घेतला तरी काय बिघडतं?

बिघडतं. पी/ई म्हणजे शेअरचा भाव कंपनीच्या दर शेअरमागच्या वर्षाच्या नफ्याच्या किती पट आहे तो आकडा, आणि तो फार उंच असला तर कंपनी चांगली निघाली तरी बिघडतं. हे मी आमच्या घरातच पाहिलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

मी जळगावचा. २००० साली नवीपेठेत एका सबब्रोकरकडे हिशेबाला होतो. आमच्याकडे शेअरचा विषय निघाला की अमळनेर येतंच. विप्रो १९४५ साली तिथे वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. गावातल्या ज्या लोकांनी तेव्हाचे शेअर घेतले आणि घरातून हलू दिले नाहीत, त्यांची नातवंडं बोनसवर बोनस, म्हणजे फुकटचे वाढीव शेअर, मिळून कोट्यधीश झाली. अशी माणसं आमच्याकडे कागदी सर्टिफिकेटं डिमॅट करायला यायची. घड्यांवर फाटायला आलेले कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून निघायचे. वर नाव आजोबांचं, आजोबा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, वारसदारीचा कागद कुणी केलेला नाही. ते निस्तरण्यात आमचे दिवसच्या दिवस जायचे.

माझे मामा अमळनेरचेच, पण त्यांच्या घरातले शेअर आजोबांनी एका लग्नासाठी विकून टाकलेले. ही सल मामांना आयुष्यभर होती. फेब्रुवारी २००० मध्ये विप्रो रोज चढत होती, भाव साडेनऊ हजारांच्या आसपास पोचला होता. कापसाचे पैसे नुकतेच हातात आलेले. मामा थेट ऑफिसात आले आणि म्हणाले, वीस शेअर घे. म्हणजे जवळपास एक लाख नव्वद हजार रुपये.

मी म्हटलं, "मामा, हा भाव कशाच्या जोरावर आहे ते तरी बघा." पुठ्ठ्यावर आकडे मांडून दाखवले. कंपनीचा त्या वर्षाचा नफा साधारण २४० कोटी. बाजारात तिची एकूण किंमत दोन लाख कोटींच्या वर. पी/ई आठशेच्या पुढे. नफा आहे तिथेच राहिला तर दिलेले पैसे नफ्यातून वसूल व्हायला आठशे वर्षं. मामांनी पुठ्ठ्याकडे पाहिलंही नाही. "तुले काय समजस रे? आपला गावनी कंपनी से," म्हणाले. शेजारी बसलेल्या दोघांनी माना डोलावल्या. सौदा झाला.

आता पुढची दहा वर्षं बघा, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे. मामांनी एकही शेअर विकला नाही. दीड वर्षात भाव हजाराच्या आसपास आला, तरी नाही. २००४ आणि २००५ च्या बोनसनंतर त्यांच्या विसाचे एकशेवीस शेअर झाले. मार्च २०१० मध्ये भाव सातशेच्या आसपास होता. म्हणजे दहा वर्षांनी हातात पंच्याऐंशी हजारांच्या आत-बाहेर, वर थोडा लाभांश. तेच पैसे बँकेत दहा टक्क्यांनी ठेवून व्याज साठू दिलं असतं तर पाच लाखांच्या आसपास गेले असते.

आणि कंपनीने काय केलं? २०१० च्या आर्थिक वर्षात तिचा नफा साडेचार हजार कोटींच्या वर होता. दहा वर्षांत जवळपास एकोणीस पट! अशी प्रगती करणाऱ्या कंपन्या देशात मोजक्याच असतील. कंपनीने तिचं काम चोख केलं, मामांनी धीर धरला, आणि तरीही निम्म्याहून जास्त रक्कम गेली. कारण आठशेच्या पुढचा पी/ई उतरून बाविसाच्या आसपास आला. नफा एकोणीस पट झाला, पण त्या नफ्याच्या प्रत्येक रुपयाला बाजार जे मोजत होता ते जवळपास चाळिसाव्या हिश्श्यावर आलं. गुणाकार करा, उत्तर निम्म्याच्या खालीच येतं.

दहा वर्षांचा परतावा तीनच गोष्टींतून येतो : लाभांश, नफ्याची वाढ आणि पी/ई मधला बदल. पहिल्या दोन कंपनीच्या हातात असतात. तिसरी तुम्ही घेताना दिलेल्या भावात अडकलेली असते. पी/ई उंचावर असला की लाभांशही भावाच्या मानाने किरकोळ पडतो, म्हणजे पहिलं अंगही लंगडं. सगळा भार नफ्याच्या वाढीवर येतो आणि ती वाढ कधी ना कधी मंदावतेच, कारण कंपनी मोठी होते, स्पर्धक येतात, बाजारपेठ भरते. ती मंदावली की बाजार पूर्वीचा पी/ई द्यायला तयार नसतो. वाढही कमी आणि पी/ईही कमी, असा दुहेरी फटका एकदमच बसतो.

मामांचं आजही म्हणणं आहे की तो फुगा होता, तेव्हा इंटरनेट आणि सॉफ्टवेअरच्या शेअरांमागे सगळा देशच वेडा झाला होता, त्यावरून नियम काढू नको. ठीक आहे. मग फुगा नसलेलं उदाहरण घेऊ. हिंदुस्थान लिव्हर, म्हणजे आजची हिंदुस्थान युनिलिव्हर. साबण, पावडर, चहा. इंटरनेटच्या वेडाशी काडीचा संबंध नाही. १९९९ च्या अखेरीस भाव, नंतरचं शेअरचं विभाजन धरून, सव्वादोनशेच्या आसपास होता. त्या वर्षाचा नफा १,०७० कोटी, पी/ई सेहेचाळीसच्या घरात. पुढे २००४ मध्ये कपड्यांच्या पावडरीचं भावयुद्ध पेटलं, त्या वर्षी नफा १,७७२ कोटींवरून १,१९७ कोटींवर घसरला. मग सावरला आणि मार्च २०१० ला संपलेल्या वर्षात २,२०२ कोटींवर गेला. म्हणजे दुप्पट. भाव तेव्हा किती होता? दोनशे चाळीसच्या आसपास. नफा दुप्पट, पी/ई निम्मा, भाव जिथल्या तिथे. दहा वर्षांत हाती आला तो जवळजवळ फक्त लाभांश. त्याच काळात सेन्सेक्स पाच हजारांवरून साडेसतरा हजारांवर गेला होता.

या कंपनीला कुणी वाईट म्हणू शकत नाही. तिचा साबण तेव्हाही प्रत्येक किराणा दुकानात होता, आताही आहे. म्हणून "चांगली कंपनी कुठल्याही भावात घ्या" असं सांगणाऱ्याचं मी ऐकत नाही, मग तो टीव्हीवरचा असो की घरातला.

तुम्ही ८०-९० म्हणताय, तर हिशेब स्वतः करून बघा. सोपा व्हावा म्हणून ६० पी/ई धरतो, लाभांश सोडून देतो. तुम्हाला वर्षाला १२ टक्के हवेत. दहा वर्षांत पैसे ३.१ पट व्हायला हवेत. दहा वर्षांनी ही कंपनी मोठी आणि शांत झालेली असेल, तेव्हा बाजार तिला २० पी/ई देईल असं धरा. पी/ई तिसऱ्या हिश्श्यावर आला, म्हणजे नफा ३.१ च्या तिप्पट, सव्वानऊ पटीच्या वर जायला हवा. त्यासाठी तो दरवर्षी २५ टक्क्यांनी वाढला पाहिजे, सलग दहा वर्षं. एक-दोन वर्षं हुकली तर बाकीच्या वर्षांत त्याहून जास्त धावायला हवं. हाच शेअर २० पी/ई ला मिळाला असता आणि शेवटीही २० राहिला असता, तर १२ टक्क्यांची वाढ पुरली असती. दहा वर्षं १२ टक्के वाढणाऱ्या कंपन्या सापडतात. दहा वर्षं २५ टक्के वाढणाऱ्या थोड्याच असतात, आणि त्या कोणत्या हे आधी ओळखणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मामांचा आणि माझा खरा वाद इथेच आहे. ते म्हणतात अमळनेरचे लोक धीरामुळे श्रीमंत झाले. धीर होताच, तो मी नाकारत नाही. पण त्यांच्या आजोबांनी दिलेला भाव तुपाच्या गिरणीचा होता. त्यांच्याकडे नफाही वाढला आणि पी/ईही वाढत शेकड्यांत गेला, दोन्हींचा गुणाकार त्यांच्या बाजूने झाला. २००० साली घेणाऱ्याने तोच धीर दाखवला, तेच नाव घेतलं, पण गुणाकारातला एक आकडा त्याच्या विरुद्ध चालत होता. मामांनी ज्या उंचीला घेतले, त्याच दिवसांत आमच्याकडे अमळनेरचेच काही जुने धारक थोडे थोडे शेअर विकायला येत होते. त्यांच्या हातचे कागद मी स्वतः तपासले होते, म्हणून सांगतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पी/ई वरून पुढच्या वर्षी काय होईल ते अजिबात कळत नाही. महाग शेअर आणखी महाग होऊ शकतो आणि वर्षानुवर्षं तसाच राहू शकतो. त्याच हिंदुस्थान युनिलिव्हरचा नफा २०१० ते २०२० मध्ये साधारण तिप्पट झाला, पण भाव अडीचशेच्या खालून तेवीसशेच्या आसपास गेला, कारण पी/ई पुन्हा चढत सत्तरच्या पुढे गेला. तेव्हा "पी/ई जास्त आहे, घेऊ नका" म्हणणाऱ्यांचं लोकांनी ऐकलं असतं तर बराच फायदा बुडाला असता. पण पुढचंही बघा : २०२० पासून पाच वर्षांनीही भाव साधारण त्याच तेवीसशेच्या आसपास होता.

दुसरं म्हणजे भागिले कोणता नफा, हे तपासा. पोलाद, साखर, सिमेंट अशा धंद्यांत वाईट वर्षी नफा आटतो, म्हणून पी/ई शंभर दिसतो, आणि तेजीच्या शिखरावर तोच पी/ई सहा-सात दिसतो. तिथे एका वर्षाचा पी/ई उलटंच सांगतो. सात-दहा वर्षांच्या सरासरी नफ्याने भागा. निर्देशांकाचा पी/ई बघणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवा की एप्रिल २०२१ पासून निफ्टीचा पी/ई उपकंपन्यांसह एकत्रित नफ्यावर काढतात, त्याआधी फक्त मूळ कंपनीच्या नफ्यावर काढत. त्या बदलानेच आकडा एकदम खाली आला होता. जुना आणि नवा आकडा शेजारी ठेवून बाजार स्वस्त झाला म्हणणं चूक आहे.

तुमच्याकडे असा शेअर आधीपासून स्वस्तात घेतलेला असेल तर तो लगेच विका असं मी म्हणत नाही. त्यात कर आहे, आणि पुढे काय घ्यायचं हाही प्रश्न आहेच. नवीन पैसे घालायचे असतील तर मात्र आधी २५ टक्क्यांसारखा हिशेब कागदावर लिहा. शेवटचा पी/ई किती धरला आणि का, तेही शेजारी लिहा. मामांना गेल्या दिवाळीत मी हेच करायला सांगितलं. या वेळी एका संरक्षण क्षेत्रातल्या कंपनीचं नाव त्यांनी काढलं होतं, पी/ई नव्वदच्या वर. त्यांनी शेवटचा पी/ईही नव्वदच धरला होता. मी तो खोडून पंचवीस लिहिला, तेव्हा नफा दरवर्षी किती टक्क्यांनी वाढावा लागेल ते त्यांनी स्वतः कॅल्क्युलेटरवर काढलं, आणि नवीन शेअर घेतला नाही. वाद मात्र अजून मिटलेला नाही.